संत्र्याचा रस, शून्य तेल आणि एकवीस दिवस: मामांच्या फॉरवर्डला उत्तर

«फॅटी लिव्हर २१ दिवसांत मुळापासून साफ! १) तेल-तूप आजपासून शून्य करा. लिव्हरवरची चरबी म्हणजे आपण खाल्लेलं तेलच. २) साखर बंद, पण गूळ, मध, फळांचा रस हवा तेवढा. रोज सकाळी रिकाम्या पोटी संत्र्याच्या रसाचा मोठा ग्लास. ३) पहिले ७ दिवस फक्त रस. ८ किलो हमखास उतरतात. ४) गुळवेलीचा काढा दोन वेळा, साइड इफेक्ट शून्य. ५) २१ दिवसांनी एसजीपीटी तपासा. नॉर्मल आलं की लिव्हर साफ, डॉक्टरची गरज नाही. पुढे पाठवा, कोणाचा तरी जीव वाचेल.»

हा मजकूर दिवाळीनंतर आमच्या घरच्या ग्रुपवर मोठ्या मामांनी टाकला आणि खाली लिहिलं, "पोरी, तू आहारवाली आहेस ना, सांग आता. मी सोमवारपासून सुरू करतो." मामांचं नागपूरच्या इतवारीत हार्डवेअरचं दुकान आहे. वय ५२, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो, कंबर ४० इंच. पोटात जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली, तर ग्रेड टू फॅटी लिव्हर निघालं. त्याच आठवड्यात हा फॉरवर्ड आला. ग्रुपवर चार ओळींत उत्तर दिलं असतं तर मामांनी अंगठा दाखवला असता आणि सोमवारी रस काढायला बसले असते. म्हणून सगळं सविस्तर लिहिलं होतं. त्यात मामांच्या पुढच्या नऊ महिन्यांची भर घालून आता सगळ्यांसाठी लिहिते आहे. मामांची परवानगी घेतली आहे. "आकडे टाक, नाव टाकू नको," एवढीच त्यांची अट.

आधी तेला-तुपाचं बघू. लिव्हरमध्ये साठलेली चरबी नेमकी कुठून येते हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, ते मोजून झालेलं आहे. २००५ साली अमेरिकेत नऊ रुग्णांवर हा अभ्यास झाला. त्यांच्या आहारातल्या आणि रक्तातल्या घटकांना खुणेचे अणू लावले आणि नंतर लिव्हरचा तुकडा तपासून कुठली चरबी कुठून आली ते पाहिलं. जवळजवळ ६० टक्के चरबी अंगावरच्या, मुख्यतः पोटाच्या आणि कातडीखालच्या साठ्यातून रक्तात उतरून आलेली होती. साधारण २५ टक्के लिव्हरने स्वतः साखर-पिठातून बनवलेली होती. जेवणातल्या तेला-तुपातून थेट आलेली जेमतेम १५ टक्के. नऊच माणसं होती, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ समजू नका. पण त्यातून वाट दिसते. लिव्हर ही अंगावरच्या साठ्याची उतारपेठ आहे. अंगावरचा साठा कमी झाला की तिथली आवक कमी होते. तेल शून्य करून भात दुप्पट केला तर आवक आहे तशीच राहते.

आणि शून्य तेलावर माणूस भात दुप्पट करतोच. मामांनी माझं उत्तर यायच्या आधीच चार दिवस तो प्रयोग करून पाहिला होता. मामी सांगत होत्या, उकडलेली दुधी-दोडकी ताटात ठेवून उठायचे आणि रात्री अकराला डब्यातले मुरमुरे, फुटाणे, उरलेल्या शंकरपाळ्या असं काहीतरी चाचपत बसायचे. तेलाची फोडणी नसलेलं जेवण पोटात टिकत नाही, तासाभरात भूक लागते. शिवाय पित्ताशयाला आकुंचन पावायला जेवणात थोडी चरबी लागते. त्याकडे पुढे येते.

म्हणजे तेल हवं तितकं चालेल असंही नाही. तेलाचा गुन्हा कॅलरीचा आहे आणि तो मोजता येतो. मामांकडे चार माणसं, सोयाबीन तेलाचा पाच लिटरचा डबा बरोबर महिनाभर पुरायचा. माणशी दिवसाला ४० मिलीच्या थोडं वर, म्हणजे आठ चमचे. मी मामींना एवढंच म्हटलं की तुम्ही काय काय तळता ते मला सांगू नका, फक्त महिन्याला तीन लिटरच आणा. मामींनी तीन लिटर तेल तीन बाटल्यांत भरलं आणि प्रत्येक बाटलीवर दहा दिवसांची तारीख खडूने लिहिली. पहिल्या महिन्यात पहिली बाटली सातव्या दिवशीच संपली. चतुर्थीला वडे झाले होते. मग उरलेले तीन दिवस दुसरीतलं तेल उसनं घेतलं आणि शेवटच्या आठवड्यात भरीत, भाजून केलेलं पिठलं, वरण, कढी यावर भागवलं. दुसऱ्या महिन्यापासून हिशेब बसला. माणशी २५ मिली, पाच चमचे. रोजच्या सुमारे १४० कॅलरी तिथेच कमी झाल्या आणि फोडणी कायम राहिली. वरणावर चमचाभर तूपही राहिलं. जवसाची चटणी मामांना जीव की प्राण, ती एक चमचा राहिली.

सावजीचं काय, हा नागपूरकराचा खरा प्रश्न. सावजी रस्सा महिन्यातून एकदा ठरला, आधी दर रविवारी होता. रस्सा वाटीत आला की पाच मिनिटं हलवायचा नाही. तेल वर आलं की पळीने काढून बाजूच्या वाटीत टाकायचं. मामांनी पहिल्यांदा काढलं तेव्हा चहाच्या कपाचा तळ झाकला जाईल एवढं तेल निघालं. "बाप्पा! हे आपण पिऊन राहिलो होतो?" असं म्हणून त्यांनी ती वाटी मामींना नेऊन दाखवली. तर्री पोह्याचंही तसंच. टपरीवाल्याला सांगायचं, भाऊ, वरची लाल तर्री नको, खालचे चणे दे. चणे दुप्पट, पोहे अर्धे, शेव नाही, कांदा-कोथिंबीर हवी तेवढी. टपरीवाला आधी हसतो, चौथ्या दिवशी स्वतःच तसं देतो.

आता रसाचा मुद्दा. या सगळ्या मजकुरात मला सर्वांत जास्त खटकला तो हाच, कारण तो ऐकायला सगळ्यात निर्मळ वाटतो. नागपुरात राहून संत्र्याविरुद्ध लिहायचं म्हणजे धाडसच. पण मी संत्र्याविरुद्ध नाही, ग्लासाविरुद्ध आहे.

मामींनी एक दिवस माझ्यासमोर रस काढला. मोठा ग्लास भरायला पाच संत्री लागली. गाळणीत चोथ्याचा गोळा राहिला, तो कचऱ्यात गेला. ग्लासात उरली सुमारे २५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच चमचे. ती साखर अर्ध्या मिनिटात पोटात जाते. तीच संत्री सोलून, शिरा काढून, फोड फोड खायला बसलं तर दुसऱ्या संत्र्याला हात मंदावतो. तिसरं आपण बाजूच्याला देतो.

फळांची आणि साखरेची गोडी ज्या फ्रुक्टोजमुळे असते त्याची वाट ग्लुकोजपेक्षा वेगळी आहे. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं, स्नायू, मेंदू, सगळे. फ्रुक्टोजचा मोठा भाग लिव्हरलाच निस्तरावा लागतो. थोडं थोडं, चोथ्यासकट, सावकाश आलं तर ते निभतं. एकदम आलं, रोज आलं, आणि साठे आधीच भरलेले असले तर लिव्हर त्याची चरबी बनवतं. वर जे २५ टक्के म्हटलं ते हेच. गूळ ही मुख्यतः साखरच आहे, रंग आणि वास वेगळा. मध तर जवळजवळ ४० टक्के फ्रुक्टोज. हल्ली चौकाचौकांत गुळाचा चहा मिळतो आणि लोक तो औषध समजून दोन-दोन कप घेतात. लिव्हरला गुळाचा चहा आणि साखरेचा चहा यातला फरक कळत नाही. उन्हाळ्यात रसवंतीवरचा उसाचा ग्लास हेही तेच प्रकरण. त्याला "नैसर्गिक आहे ना" म्हणून काही सूट मिळत नाही.

मामांच्या दिवसाचा हिशेब लावला तेव्हा सगळ्यात मोठं गळतं भांडं चहाचं निघालं. दुकानात गिऱ्हाईक आलं की चहा. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. पन्नास ग्रॅम साखर, दोनशे कॅलरी, आणि मामांच्या मते "मी गोड खातच नाही". एकदम बंद करा म्हटलं असतं तर आठ दिवस टिकलं असतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला आणि कप पाचाचे तीन झाले. दीड महिन्याने तीन कप, अर्धा-अर्धा चमचा. बाकी दोन वेळा गिऱ्हाइकाबरोबर काळी कॉफी, बिनसाखरेची. कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरवर व्रण धरून ते कडक होण्याचं प्रमाण कमी दिसतं असं बऱ्याच अभ्यासांत आलं आहे. ते औषध नाही, पण चहाची जागा घ्यायला बरी. संत्री मोसमात रोज दोन, अख्खी, जेवणानंतर किंवा दुपारी चारला. संत्रा बर्फी घरी आली की एक तुकडा, आणि डबा शेजारी पाठवायचा.

गोडाबरोबर भाताचाही विचार करावा लागला. मामा रात्री साडेदहाला दुकानातून आल्यावर अडीच वाट्या भात खायचे आणि पंधरा मिनिटांत आडवे. ते असं बदललं: आठ वाजता दुकानातच डबा. त्यात एक ज्वारीची भाकर किंवा दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण किंवा मोड आलेली उसळ, पालेभाजी, काकडी-टमाटर. घरी आल्यावर फक्त ताक. भात दुपारी, एक वाटी, वरणाबरोबर. संध्याकाळचा समोसा गेला, त्याऐवजी मूठभर फुटाणे. समोसा आठवड्यातून एकदा चालू ठेवला, शनिवारी, कारण शनिवारी दुकानातले सगळे पोट्टे मागवतात आणि मामा एकटे कोरडे बसणार नाहीत हे मला ठाऊक होतं. साखर, तेल, समोसा आणि रात्रीचा भात मिळून रोजच्या पाचशे ते सहाशे कॅलरी कमी झाल्या. नवीन पदार्थ एकही विकत आणला नाही.

आठवड्यात आठ किलो उतरतात हे मात्र काही प्रमाणात खरं असू शकतं. म्हणूनच ते फसवतं. काटा खाली जातो, पण जातं काय? एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. आठ किलो चरबी सात दिवसांत जाळायची तर रोज ८८०० कॅलरी जाळाव्या लागतील. मामांचा अख्ख्या दिवसाचा खर्च, दुकानात उभं राहणं धरून, २३०० च्या आसपास. काहीच खाल्लं नाही तरी सात दिवसांत दोन किलोच्या वर चरबी जाऊच शकत नाही. बाकी वजन असतं पाण्याचं. लिव्हर आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, चारशे-पाचशे ग्रॅम, आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम स्वतःबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. उपासाच्या दोन-तीन दिवसांत तो साठा संपतो आणि साठा आणि पाणी मिळून दीड-दोन किलो निघून जातं. मीठ कमी झाल्याने आणखी पाणी जातं. आतडी रिकामी होतात. आणि रसात प्रथिनं नसल्यामुळे स्नायू झिजतात. पहिल्या पोळीबरोबर पाणी परत येतं. स्नायू येत नाहीत.

लिव्हरच्या दृष्टीने त्याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. एकदम उपास पडला की अंगावरचा साठा धडाधड रक्तात सुटतो आणि उतरतो कुठे, तर त्याच लिव्हरमध्ये. सूज वाढू शकते, एसजीपीटी चढू शकतं. आणि दुसरं, पित्ताशय. वेगाने वजन उतरताना लिव्हर पित्तात जास्त कोलेस्टेरॉल टाकतं. त्याच वेळी जेवणात चरबी नसल्यामुळे पित्ताशय आवळलं जात नाही, पित्त साचून घट्ट होतं, खडे धरतात. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरत असेल तर हा धोका स्पष्ट वाढतो. माझ्याकडे आलेल्या एक शिक्षिकाबाई असा पंधरा दिवसांचा रस-उपास करून आल्या होत्या, अकरा किलो उतरल्याचा आनंद घेऊन. अडीच महिन्यांनी मध्यरात्री उजव्या बरगडीखाली कळ आली, ती खांद्यापर्यंत गेली. सोनोग्राफीत खडे. आधीच्या सोनोग्राफीत नव्हते. तोवर अकरापैकी नऊ किलो परत आले होते. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने डॉक्टरांना न विचारता असा उपास धरला तर शुगर इतकी खाली जाऊ शकते की माणूस बेशुद्ध पडतो.

मग किती उतरवायचं आणि किती वेळात? लिव्हरमधली चरबी कमी व्हायला वजनाच्या ३ ते ५ टक्के घटसुद्धा पुरते. सूज कमी व्हायला ७ ते १० टक्के. लिव्हरला आलेला कडकपणा मागे फिरायचा असेल तर १० टक्के किंवा जास्त, आणि तेही सगळ्यांच्या बाबतीत होत नाही. मामांसाठी ७ टक्के म्हणजे सहा किलो. डॉक्टरांनी ७८ चा आकडा कागदावर लिहून दिला. वेग आठवड्याला जास्तीत जास्त अर्धा किलो. मामा नाराज झाले. "सहा किलोसाठी सहा महिने? काऊन?" माझं उत्तर होतं की सहा महिनेही कमी पडतील. आणि पडले.

नोव्हेंबरात ८४. फेब्रुवारीच्या शेवटी ८०.२. मग लग्नसराई आली. मार्च-एप्रिलमध्ये घरातलीच तीन लग्नं, काटा ८०.६. दोन महिन्यांत चारशे ग्रॅम वर. मामांना वाटलं सगळं पाण्यात गेलं. मी त्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं, तीन लग्नांत फक्त चारशे ग्रॅम. मेमध्ये रात्री दहालाही रस्त्यावरून झळा येतात, तेव्हा जेवणानंतरचं फिरणं बंद पडलं. ते पहाटे साडेपाचवर नेलं, सक्करदऱ्याच्या तलावाकडे, पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस. आठवड्याला दीडशे मिनिटांची चाल, वजन फार हललं नाही तरी लिव्हरची चरबी थोडी खाली आणते. जूनच्या शेवटी ७८.९. ऑगस्टमध्ये ७७.५. साडेसहा किलो, पावणेआठ टक्के, नऊ महिन्यांत. कंबर ४० वरून ३७ इंच. पट्ट्याला मोच्याकडून दोन भोकं पाडून घ्यावी लागली, हे मामा वजनापेक्षा जास्त अभिमानाने सांगतात.

काढ्याबद्दल थोडक्यात. कोविडच्या काळात घराघरात गुळवेल उकळली गेली. त्यानंतर देशभरातल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. या सगळ्यांना गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झाली होती, काहींच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटली होती. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याची बाजू मांडली, आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल बाजारात मिसळली जाते हेही खरं आहे. हा वाद कोणत्याही बाजूने सुटो, पोत्यातून आणलेली वेल नेमकी कोणती हे इतवारीतल्या जडीबुटीवाल्यालाही खात्रीने सांगता येत नाही. आधीच सुजलेल्या लिव्हरवर तो प्रयोग मी होऊ देणार नाही. कुठलाही काढा, चूर्ण, जिमवाल्याची पावडर चालू असेल तर ती डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवायची, लपवायची नाही. दारूचंही तसंच. फॉरवर्डमध्ये दारूचा शब्दही नाही, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. मामा "कधीमधी" म्हणाले. डॉक्टरांनी महिन्यातले दिवस मोजून घेतले, ते सहा निघाले. बंद म्हणजे बंद, असं सांगितलं.

आता शेवटचा मुद्दा, एसजीपीटीचा. इथे चूक झाली तर ती वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींमधलं द्रव्य. पेशींना इजा झाली की ते रक्तात गळतं. पण लिव्हरमध्ये चरबी असूनही कित्येकांचं एसजीपीटी पहिल्यापासून नॉर्मल असतं. आणि ज्यांचं लिव्हर कडक व्हायला लागलं आहे त्यांच्यात ते पुढे पुढे खालीसुद्धा येतं. म्हणजे आजार वाढतोय आणि रिपोर्ट सुधारतोय असं दिसू शकतं. सोनोग्राफीची ग्रेडही तशीच. ती करणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असते, वीस-पंचवीस टक्क्यांखालची चरबी तिला नीट दिसत नाही, आणि कडकपणाबद्दल ती सुरुवातीच्या टप्प्यात काही सांगत नाही. पुढे त्रास होणार की नाही हे मात्र मुख्यतः त्या कडकपणावरूनच ठरतं. चरबीवरून नाही.

त्याचा पहिला अंदाज घ्यायला नवीन तपासणी लागत नाही. साध्या रिपोर्टमधले चार आकडे पुरतात. डॉक्टर त्याला फिब-फोर म्हणतात:

(वय × एसजीओटी) ÷ (प्लेटलेट × √एसजीपीटी)

एसजीओटी हे एसजीपीटीसारखंच पेशींतून रक्तात गळणारं दुसरं द्रव्य. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या. आपल्याकडे रिपोर्टवर २.१ लाख लिहितात, ते इथे २१०. उत्तर १.३ च्या खाली आलं तर कडकपणाची शक्यता कमी. २.६७ च्या वर आलं तर लिव्हरच्या तज्ज्ञाकडे जायचं. मधलं आलं तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा बाहेरून मोजणारी तपासणी. पासष्टीच्या पुढच्यांसाठी खालची रेघ २ धरतात, कारण वय सूत्रातच असल्यामुळे आकडा आपोआप फुगतो.

मामांचं पहिलं: वय ५२, एसजीओटी ५८, एसजीपीटी ८२, प्लेटलेट २.१ लाख. वरती ५२ गुणिले ५८, म्हणजे ३०१६. खाली २१० गुणिले ८२ चं वर्गमूळ, म्हणजे ९.०६, ते होतं सुमारे १९००. भागाकार १.५९. मधल्या पट्ट्यात. म्हणून फायब्रोस्कॅन केलं, तीन तास उपाशीपोटी, कारण जेवून केलं तर आकडा उगाच वर जातो. कडकपणा आला ७.१. आठच्या खाली म्हणजे पुढच्या टप्प्याचा धोका कमी. मामा तेव्हा पहिल्यांदा नीट बसले. डॉक्टरांनी त्याच वेळी हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड, तीन महिन्यांची शुगर आणि कोलेस्टेरॉलही बघून घेतलं. एसजीपीटी वाढण्याचं कारण चरबीच आहे हे गृहीत धरायचं नसतं. शुगर ६.२ निघाली, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ती फॉरवर्डच्या भरवशावर राहिलो असतो तर कळलीच नसती, आणि वर रोज रसाचा ग्लास चालू असता.

आता दुसरं उदाहरण बघा, एका निवृत्त गृहस्थांचं. वय ६१. एसजीपीटी ३१, एकदम नॉर्मल. ते माझ्याकडे फक्त "डाएट चार्ट" मागायला आले होते. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर एसजीओटी ४४ आणि प्लेटलेट १.४८ लाख. ६१ गुणिले ४४ म्हणजे २६८४. १४८ गुणिले ५.५७ म्हणजे ८२४. भागाकार ३.२६. मी चार्ट दिला नाही, चिठ्ठी दिली, आधी लिव्हरच्या डॉक्टरांकडे जा म्हणून. फायब्रोस्कॅनचा कडकपणा बराच वर निघाला. अशा माणसाला सात दिवस रसावर ठेवणं म्हणजे त्याचे उरलेसुरले स्नायूही काढून घेणं. त्यांना उलट प्रथिनं वाढवावी लागली आणि रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खायला सांगावं लागलं, कारण कडक झालेलं लिव्हर रात्रभराचा उपास पेलत नाही. निदान तेच, फॅटी लिव्हर, पण ताट मामांच्या बरोबर उलटं. एकच चार्ट सगळ्यांना पाठवता येत नाही तो यामुळे.

त्यांच्या रिपोर्टमध्ये मी जे शोधलं ते तुम्हीही शोधू शकता. एसजीओटी एसजीपीटीच्या वर गेलं आहे का, आणि प्लेटलेट वर्षागणिक खाली सरकत आहेत का. नॉर्मलच्या आत असल्या तरी. त्यासाठी जुने रिपोर्ट फेकायचे नाहीत. मामी मामांचे रिपोर्ट आता तेलाच्या हिशेबाच्या वहीतच ठेवतात. आणि डोळे पिवळे होणं, पोट पाण्याने फुगणं, पायाला सूज, काळी शौच किंवा रक्ताची उलटी यातलं काही दिसलं तर वही नंतर, आधी दवाखाना.

मामांचं तीन महिन्यांनी एसजीपीटी ५४ होतं, तेव्हा ते म्हणाले होते, आता बरंच खाली आलं, सोडू का थोडं? ऑगस्टमध्ये एसजीपीटी ३६, एसजीओटी ३१, प्लेटलेट २.१५ लाख. फिब-फोर १.२५. शुगर ५.८. डॉक्टरांनी नोव्हेंबरात पुन्हा फायब्रोस्कॅन सांगितलं आहे, आणि वजन ७६ च्या खाली नेता आलं तर बघा म्हणाले. गेल्या रविवारी मामांकडे गेले होते. सावजी होती, महिन्याची ठरलेली. मामा वाटी समोर ठेवून घड्याळाकडे बघत बसले होते, तेल वर यायची वाट बघत. भाच्याने विचारलं, "मामा, गार होऊन राहिलं ना?" तर म्हणाले, "दोन मिनिटं अजून."